तीन सैनिक आणि तीन कावळे: चाल आधीच ताणलेली असेल तर त्यांचा अर्थ कसा उलटतो

२०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, चार आठवड्यांच्या आत, निफ्टीच्या डेली चार्टवर तीन काळे कावळे, म्हणजे सलग तीन मोठ्या मंदीच्या कँडलची रचना, दोनदा दिसले. पहिल्यांदा २४ ते २६ फेब्रुवारीला आणि दुसऱ्यांदा १६ ते १८ मार्चला. २६ फेब्रुवारीला निफ्टी ११,६७८ वर बंद झाला आणि तिथून २४ मार्चच्या ७,५११ च्या तळापर्यंत चार हजारांहून जास्त पॉइंट कोसळला. म्हणजे त्या कावळ्यांनी दिलेला इशारा शब्दशः खरा ठरला. दुसऱ्या वेळी मात्र १८ मार्चच्या ८,४६९ च्या बंद भावाला ज्याने विकलं, त्याचा सौदा दोनच दिवसांत पावणेतीनशे पॉइंट तोट्यात गेला. त्यानंतर अगदी तळाच्या टोकाला जरी त्याने सौदा कापला असता, तरी हजार पॉइंटसुद्धा हाती आले नसते.

बाजार तोच होता आणि रचनाही तीच होती. दोन्ही वेळी लोकांची भीतीही खरी होती. फरक होता तो त्या तीन कँडल येण्याआधी बाजार किती पळून झाला होता, याचा. हा फरक डोळ्यांनी अंदाजे न ठरवता मोजून कसा ठरवायचा, ते या लेखात पाहू. कावळ्यांची उदाहरणं निफ्टीची खरी आहेत. सैनिकांसाठी एका काल्पनिक शेअरचे सोपे आकडे घेतले आहेत, कारण त्यात एक वेगळी गोष्ट दाखवायची आहे.

आधी रचना खरीच आहे का ते पाहा

तीन पांढरे सैनिक म्हणजे सलग तीन तेजीच्या कँडल. प्रत्येकीची बॉडी दणदणीत, प्रत्येकीचा बंद भाव आदल्या दिवसाच्या वर आणि दिवसाच्या उच्चांकाजवळ. दुसरी आणि तिसरी कँडल आदल्या बॉडीच्या आत उघडते आणि तिथून वर जाते. तीन काळे कावळे म्हणजे याचंच उलट: बॉडीच्या आत उघडणं, पण बंद होणं दिवसाच्या नीचांकाजवळ. आपल्या टर्मिनलवर या कँडल हिरव्या-लाल दिसतात. नावं जपानी चार्टच्या काळ्या-पांढऱ्या रंगांवरून आली आहेत.

आदल्या बॉडीच्या आत उघडण्याची अट महत्त्वाची का? कारण त्यातून दिवसभराची झटापट दिसते. बाजार थोडा मागे उघडला, विरुद्ध बाजूला संधी मिळाली, तरीही दिवसअखेर त्याच दिशेने नवा बंद भाव आला. सलग तीन दिवस गॅपने उघडलेल्या कँडलमध्ये ही झटापट रात्रीच होऊन गेलेली असते. आपल्याकडे परदेशी बाजारांमुळे निफ्टी वारंवार गॅपने उघडतो, म्हणून ही अट थोडी सैल धरावी लागते. २६ फेब्रुवारीची कँडल ११,७३९ च्या आसपास उघडली होती, म्हणजे आदल्या दिवसाच्या बंदच्या, ११,७९८ च्या, खालीच. पुस्तकी व्याख्येत ती बसत नाही. मी ती रचना कावळ्यांचीच धरतो, कारण बाकीच्या अटी पुऱ्या होतात, पण सैलपणा एवढाच. तिन्ही कँडल गॅपने उघडल्या असतील तर ती वेगळी गोष्ट आहे, तिला हे नाव देऊ नये.

मार्चची रचना मात्र शिकवायला ठेवावी इतकी नेटकी आहे. १६ मार्चला निफ्टी ९,५८८ ला उघडून ९,१९७ ला बंद झाला. १७ ला ९,२८५ ला, म्हणजे आदल्या बॉडीच्या आत उघडला आणि ८,९६७ ला बंद झाला. १८ ला ९,०८८ ला, पुन्हा आदल्या बॉडीच्या आत उघडला आणि ८,४६९ ला बंद झाला. तिन्ही बंद भाव दिवसाच्या नीचांकाजवळ. रचनेत खोट काढायला जागा नाही. म्हणूनच हे उदाहरण मोलाचं आहे: निव्वळ रचनेकडे पाहणारा माणूस फेब्रुवारीच्या सैल कावळ्यांपेक्षा मार्चच्या नेटक्या कावळ्यांवर जास्त विश्वास ठेवेल, आणि नेमका तिथेच फसेल.

ताण मोजा, पण रचनेच्या आदल्या दिवशीचा

चाल ताणली आहे असं आपण सहज म्हणतो, पण कशाच्या तुलनेत ताणली आहे ते ठरवल्याशिवाय त्या म्हणण्याला अर्थ नाही. मी २० दिवसांची साधी सरासरी आणि १४ दिवसांचा एटीआर वापरतो. सरासरी म्हणजे गेल्या महिन्याभरात लोकांना मान्य झालेला भाव. एटीआर म्हणजे तो शेअर किंवा निर्देशांक रोज साधारण किती हलतो त्याचं माप, आणि त्यात गॅपही मोजली जाते. भाव सरासरीपासून किती एटीआर लांब आहे, ते काढलं की २५,००० चा निर्देशांक आणि ८० रुपयांचा शेअर एकाच फुटपट्टीवर मोजता येतात.

आता महत्त्वाची बाब. बहुतेक जण हे अंतर तिसऱ्या कँडलच्या बंद भावावर मोजतात. तीन दमदार कँडल एकाच दिशेने आल्या की भाव सरासरीपासून लांब जाणारच, त्यामुळे प्रत्येक चांगली रचना ताणलेलीच दिसते. ताण मोजायचा तो पहिली कँडल सुरू होण्याच्या आदल्या दिवशीचा. रचना कुठे सुरू झाली, ते त्यातून कळतं. एटीआरसुद्धा त्याच दिवसाचा घ्यायचा. घबराटीच्या दिवसांत एटीआर झपाट्याने फुगतो, आणि फुगलेल्या एटीआरने भागलं की ताण कमी भासतो.

ट्रेडिंगव्ह्यूच्या पाइन स्क्रिप्टमध्ये हे एवढ्यात होतं:

```
//@version=5
indicator("taan")
a = ta.atr(14)
s = ta.sma(close, 20)
aadhi  = (close[3] - s[3]) / a[3]
nantar = (close - s) / a[3]
plot(aadhi, color=color.blue)
plot(nantar, color=color.orange)
```

यातली निळी रेघ रचनेआधीचा ताण दाखवते आणि केशरी रेघ रचनेनंतरचा. दोन्ही तिसऱ्या कँडलच्या दिवशी वाचायच्या. ट्रेडिंगव्ह्यूचा एटीआर वाइल्डर पद्धतीने काढतात, खाली मी १४ दिवसांची साधी सरासरी घेतली आहे. त्यामुळे तुमचे आकडे थोडे वेगळे येतील, पण निष्कर्ष बदलणार नाही.

आता निफ्टीची दोन्ही उदाहरणं यात घाला. २० फेब्रुवारीला निफ्टी १२,०८१ वर बंद झाला (२१ ला महाशिवरात्रीची सुट्टी होती). त्या दिवशी २० दिवसांची सरासरी १२,०४० च्या आसपास आणि एटीआर सव्वाशेच्या आसपास होता. म्हणजे रचनेआधीचा ताण जवळपास शून्य. २६ तारखेला तिसरी कँडल संपली तेव्हा निफ्टी सरासरीच्या सुमारे ३१५ पॉइंट खाली होता, म्हणजे रचनेनंतरचा ताण उणे अडीच. फक्त हा दुसरा आकडा पाहणाऱ्याला वाटलं असतं की बाजार खूप खाली आलाय, आता उसळी येईल. त्याने तिथे खरेदी केली असती आणि पुढचे चार हजार पॉइंट सोसले असते.

१३ मार्चचं चित्र अगदी वेगळं होतं. त्या दिवशी निफ्टी सकाळी दहा टक्क्यांचं लोअर सर्किट लागून ८,५५५ पर्यंत गेला आणि तिथून वळून ९,९५५ ला बंद झाला. तेव्हा सरासरी ११,३५४ च्या आसपास होती आणि एटीआर ४३० च्या आसपास. म्हणजे पहिला कावळा बसण्याआधीच निफ्टी सरासरीच्या १,४०० पॉइंट खाली होता, ताण उणे ३.२. १८ मार्चला तिसरी कँडल संपली तेव्हा सरासरी १०,८७० वर आली होती आणि अंतर २,४०० पॉइंट झालं होतं. जुन्या एटीआरने भागलं तर ताण उणे साडेपाच येतो. १८ मार्चचा फुगलेला एटीआर, सुमारे ५४०, घेतला तर तोच आकडा उणे साडेचारवर येतो. एक पूर्ण एटीआर मापातच हरवला.

माझे टप्पे असे आहेत. रचनेआधीचा ताण एकाच्या आत असेल तर रचना सरळ वाचायची: सैनिक तेजीचे, कावळे मंदीचे. एक ते दोनच्या मधे असेल तर रचना खरी असू शकते, पण नव्या सौद्यासाठी भाव मागे येण्याची वाट पाहायची. दोनच्या पुढे गेला की तीच रचना थकव्याची खूण असू शकते असं धरून पुढची तपासणी करायची. हे आकडे निसर्गनियम नाहीत. अतिशय संथ शेअरमध्ये एटीआर इतका लहान असतो की दोन-चार टक्क्यांची साधी हालचालही तीन एटीआर दाखवते. म्हणून सोबत टक्क्यांतलं अंतरही बघा. १३ मार्चला ते सव्वाबारा टक्के होतं. निर्देशांकासाठी हा फारच मोठा आकडा आहे.

दमछाक की कळस?

ताण जास्त आहे हे कळलं, तरी चाल थकली आहे असं लगेच म्हणता येत नाही. ताणलेली चाल आणखी ताणली जाऊ शकते. थकवा कँडलच्या आत दिसतो, आणि तो दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी दिसतो. दोन्ही तऱ्हा एकमेकींच्या उलट आहेत आणि लोक नेहमी त्यांची गल्लत करतात.

पहिली तऱ्हा दमछाकीची. तीन कँडल एकाच दिशेच्या असतात, पण प्रत्येकीची बॉडी आदल्या बॉडीपेक्षा आखूड होत जाते आणि चालीच्या दिशेची विक, म्हणजे बॉडीबाहेर निघालेली रेघ, लांबत जाते. जपानी परंपरेत सैनिकांच्या अशा रचनेला वेगळं नाव आहे, इंग्रजीत तिला अॅडव्हान्स ब्लॉक म्हणतात. पहिल्या दोन बॉडी मोठ्या आणि तिसरी एकदम लहान, दुसरीच्या खांद्यावर बसलेली, असा याचाच एक प्रकार असतो. घाटात शेवटच्या वळणावर गाडीचा गिअर खाली येतो तसं हे असतं: गाडी चढते आहे, पण वेग राहिलेला नाही.

आता काल्पनिक शेअर घेऊ. समजा शेअर चार-पाच आठवड्यांत ५२० वरून ६४० पर्यंत आला आहे. २० दिवसांची सरासरी ५९२ आहे आणि एटीआर १६ रुपये. म्हणजे रचनेआधीचा ताण बरोबर तीन. इथे तीन सैनिक येतात. पहिली कँडल ६४२ ला उघडून ६६२ ला बंद होते, उच्चांक ६६४. दुसरी ६५५ ला उघडते, ६७६ पर्यंत जाते आणि ६७१ ला बंद होते. तिसरी ६६८ ला उघडते, ६८४ पर्यंत जाते आणि ६७५ ला बंद होते. बॉडी २० रुपयांची, मग १६, मग ७. वरची विक २ रुपयांची, मग ५, मग ९. स्कॅनर या तिन्ही कँडलना तीन पांढरे सैनिक म्हणून हिरवा कंदील दाखवेल. पण आकड्यांची ओळ सांगते की रोज वरच्या भावाला आधीपेक्षा जास्त माल विकायला येतो आहे आणि खरेदीदार त्याला पुरे पडत नाहीत.

दुसरी तऱ्हा कळसाची. इथे बॉडी आखूड होत नाहीत, उलट तिसरी कँडल बाकीच्यांपेक्षा खूप मोठी असते. मार्चचे कावळे असेच होते: बॉडी ३९० पॉइंटची, मग ३१८ ची, मग ६२० ची. दिवसाची उलथापालथ ४३७, ४८८ आणि शेवटी ७२०. आधीच कोसळलेल्या बाजारात तिसऱ्या दिवशी विक्रीचा वेग दुप्पट होतो, तेव्हा विकणारे बहुतेक सक्तीने विकत असतात. मार्जिन भरता न आलेले, फंडातून पैसे परत मागणाऱ्यांसाठी माल काढावा लागलेले, आणि आता सहन होत नाही म्हणून सुटका करून घेणारे. सक्तीचे विक्रेते भाव बघत नाहीत, पण त्यांचा माल संपतोही लवकर.

कळस ओळखायची माझी आवडती मोजणी अगदी साधी आहे. चाल जिथून सुरू झाली तिथपासूनच्या एकूण अंतरात या तीन दिवसांचा वाटा किती? २० फेब्रुवारीच्या १२,०८१ पासून १८ मार्चच्या ८,४६९ पर्यंत निफ्टी सतरा सत्रांत ३,६१२ पॉइंट पडला. त्यातले १,४८६ पॉइंट शेवटच्या तीन सत्रांत. म्हणजे एकूण घसरणीतला चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा या तीन दिवसांचा. एकसारख्या वेगात हा वाटा सतरा-अठरा टक्क्यांच्या आसपास असता. हा वाटा दुपटीच्या पुढे गेला की मी रचनेला कळस मानतो.

व्हॉल्यूमने या दोन तऱ्हा आणखी स्पष्ट होतात. दमछाकीत तिसऱ्या दिवशी व्हॉल्यूम घटलेला तरी असतो, किंवा वाढूनही बॉडी लहान राहिलेली असते. ही दुसरी शक्यता अधिक वाईट, कारण वाढलेली सगळी उलाढाल विक्रेत्यांनी पचवलेली असते. कळसात व्हॉल्यूम कित्येक आठवड्यांतला सर्वांत मोठा असतो. शेअरच्या बाबतीत एनएसई रोज देत असलेली डिलिव्हरीची टक्केवारीही पाहा. तेजीच्या टोकाला व्हॉल्यूम प्रचंड आणि डिलिव्हरी नेहमीपेक्षा खूप कमी असेल, तर ती गर्दी दिवसभरात आत-बाहेर करणाऱ्यांची आहे. निर्देशांकाच्या व्हॉल्यूमवरून मी असे निष्कर्ष काढत नाही.

वळल्याचा पुरावा कुठे मागायचा

इथे सर्वांत जास्त पैसे जातात. थकव्याची खूण दिसली की माणूस लगेच उलटा सौदा करतो. पण थकवा म्हणजे चालीच्या दिशेने नवा सौदा करू नका, एवढंच. उलट दिशेने जायचं असेल तर वेगळा पुरावा लागतो, आणि तो बंद भावाचाच हवा. दिवसाच्या मधल्या उसळीला मी मोजत नाही.

कळसाच्या रचनेत तिसऱ्या कँडलच्या उच्चांक आणि नीचांकाचा मध्य घ्यायचा. १८ मार्चचा उच्चांक ९,१२७ आणि नीचांक ८,४०७, मध्य ८,७६७. निफ्टी त्याच्या वर बंद होत नाही तोवर तिसऱ्या दिवसाची निम्मी विक्रीही परतलेली नाही.

पुढचे दिवस या रेघेच्या मदतीने वाचा. १९ मार्चला निफ्टी मोठ्या गॅपने ८,०६३ ला उघडला, ७,८३३ पर्यंत गेला, तिथून ८,५७५ पर्यंत उसळला आणि ८,२६३ ला बंद झाला. खाली लांब विक असलेली तेजीची कँडल, तीन कावळ्यांनंतर लगेच. तळ झाला असं म्हणण्याचा मोह अनावर व्हावा असंच चित्र. शुक्रवारी, २० मार्चला, ८,८८३ पर्यंत चढाई झाली, पण बंद भाव आला ८,७४५. मध्याच्या २२ पॉइंट खाली. २२ पॉइंट म्हणजे काहीच नाही, आणि ८,७६७ या आकड्यात कुठली जादूही नाही. पण आधी आखलेली रेघ त्या संध्याकाळी आपल्या सोयीने खाली सरकवायची नाही, एवढी शिस्त तिने लावली. सोमवारी, २३ मार्चला, पुन्हा लोअर सर्किट लागलं, व्यवहार ४५ मिनिटं थांबले आणि निफ्टी ७,६१० ला बंद झाला. एका दिवसात १,१३५ पॉइंट.

तळ २४ मार्चला ७,५११ ला झाला. त्याच रात्री देशभर लॉकडाऊन जाहीर झालं, आणि तरीही तो तळ पुन्हा तुटला नाही. २६ आणि २७ मार्चचे बंद भाव ८,६४१ आणि ८,६६०, दोन्ही मध्याखालीच. एप्रिलच्या सुरुवातीला बाजार परत ८,०८४ पर्यंत घसरला. मध्यावरचा पहिला बंद भाव ७ एप्रिलला आला: ८,७९२. दुसऱ्या दिवशी किंचित खाली ८,७४९, मग ९ एप्रिलला ९,११२ आणि ३० एप्रिलला ९,८६०. या पद्धतीने तळ पकडता आला नाही. तिने तो पकडायचा प्रयत्नच केला नव्हता. तळापासून १,२८० पॉइंट वर खरेदी झाली, आणि मधल्या काळातले दोन फसवे प्रयत्न टळले.

दमछाकीच्या रचनेत तिसरी कँडल लहान असते. तिचा मध्य इतका जवळ असतो की साध्या हालचालीतही तुटतो. आपल्या शेअरच्या तिसऱ्या दिवसाचा नीचांक ६६४ धरला तर मध्य ६७४ येतो, बंद भावाच्या एक रुपया खाली. तो पुरावा म्हणून कुचकामी आहे. तिथे दुसऱ्या कँडलचा मध्य घ्यायचा. दुसरीचा नीचांक ६५३ आणि उच्चांक ६७६ धरला तर मध्य ६६४.५० येतो. त्याखाली बंद भाव आला की तिसऱ्या सैनिकाची सगळी कमाई आणि दुसऱ्याचीही बरीचशी परत गेलेली असते.

वाट किती दिवस पाहायची? शेअरच्या दमछाकीत मी पाच सत्रं देतो. तोवर रेघ तुटली नाही आणि तिसऱ्या कँडलच्या उच्चांकावर बंद भाव आला, तर थकव्याचा निष्कर्ष रद्द. चाल अजून जिवंत आहे. घबराटीच्या कळसात असा अवधी बांधता येत नाही. मार्चमध्ये पुरावा यायला जवळपास तीन आठवडे लागले.

सौद्याचं गणित

समजा तुम्हाला ताण, विक, मध्य यांतलं काहीच पटलं नाही. तरीही ताणलेल्या जागी आलेली रचना सौद्यासाठी वाईट का, ते स्टॉपलॉसच्या साध्या हिशेबातून कळतं. या रचनेत स्टॉपलॉसची तर्कशुद्ध जागा म्हणजे पहिल्या कँडलचं पलीकडचं टोक. तिथे भाव गेला तर रचनाच मोडली.

१८ मार्चच्या बंद भावाला शॉर्ट करणाऱ्याचा स्टॉपलॉस पहिल्या कावळ्याच्या उच्चांकावर, ९,६०२ ला येतो. जोखीम १,१३३ पॉइंट. आणि पुढे मिळालेली जास्तीत जास्त घसरण, अचूक तळाला सौदा कापला असं धरूनसुद्धा, ९५८ पॉइंट. जोखमीइतकाही नफा शक्य नव्हता.

सैनिकांच्या शेअरमध्ये ६७५ ला खरेदी आणि पहिल्या कँडलच्या नीचांकाखाली, ६३८ ला, स्टॉपलॉस. जोखीम ३७ रुपये. दुप्पट नफ्यासाठी शेअर ७४९ ला जायला हवा. सरासरी तोवर ६१० पर्यंत चढली असं धरलं तरी ते अंतर साडेआठ एटीआरहून जास्त होतं. अशी मागणी करणारा सौदा करू नये. स्टॉपलॉस जवळ आणून आकडे सुंदर करता येतात, पण मग तो रोजच्या हालचालीच्या आत येतो आणि रचना शाबूत असतानाच उडतो.

ज्याच्याकडे आधीपासून माल आहे त्याचा प्रश्न वेगळा. आपल्या शेअरमध्ये ५५० ला घेतलेला माल असेल तर मी एक तृतीयांश ते निम्मा माल तिसऱ्या कँडलच्या दुसऱ्या दिवशी हलका करेन आणि उरलेल्याचा स्टॉपलॉस ६६४.५० च्या खालच्या बंद भावावर ठेवेन. सगळा माल काढणं घाईचं ठरतं, कारण खरोखर जोरकस तेजीत ताण तीनवरून पाचवर जाताना आपण बाहेर बसलेले असतो. शॉर्ट असलेल्याने कळसात मात्र जास्त घाई करावी. मंदीचे कळस वेगाने उलटतात आणि १९ मार्चसारखी एकाच दिवसातली सातशे पॉइंटची उसळी नफा धुऊन नेते.

हे माप कुठे लावू नये

पाच टक्क्यांच्या सर्किटमध्ये अडकलेल्या शेअरवर यातलं काहीही लावू नका. सलग तीन अप्पर सर्किट चार्टवर तीन पायऱ्यांसारखी दिसतात, पण सर्किटवरच उघडून तिथेच अडकलेल्या दिवशी उघडणं, उच्चांक, नीचांक आणि बंद भाव एकच असतो. बॉडी नाही, विक नाही, झटापट नाही. एटीआरही सर्किटने बांधलेला असल्यामुळे ताणाचा आकडा अर्थहीन होतो.

बोनस किंवा स्प्लिटच्या एक्स-डेटला भाव समायोजित नसलेल्या चार्टवर भलीमोठी खोटी गॅप उमटते आणि पुढचे वीस दिवस सरासरी चुकीची दाखवते. ताण एकदम सहा-सात आला तर आधी कंपनीच्या घोषणा तपासा.

बंद भावाचीही एक अडचण आहे. एनएसईच्या रोख बाजारात अधिकृत बंद भाव अनेक वर्षं शेवटच्या अर्ध्या तासातल्या व्यवहारांच्या भारित सरासरीवरून ठरत आला आहे. त्यामुळे साडेतीनला स्क्रीनवर दिसलेला शेवटचा भाव आणि संध्याकाळी कँडलमध्ये नोंदला गेलेला बंद भाव यांत फरक पडू शकतो. शेवटच्या पंधरा मिनिटांत जोराची हालचाल झाली असेल तर हा फरक विक आणि बॉडीची सगळी मोजणी बदलतो. म्हणून तिसऱ्या कँडलची मापं बाजार बंद होताना न घेता अधिकृत भाव आल्यावर घ्यावीत, आणि सौदा दुसऱ्या दिवशी करावा.

शेवटची मर्यादा निकालांच्या हंगामाची. तिमाही निकालानंतर शेअरने एका दिवसात आठ-दहा टक्क्यांची गॅप दिली आणि मग तीन सैनिक आले, तर रचनेआधीचा ताण तीन-चार दिसेल, पण तो थकवा नसतो. कंपनीबद्दलचा अंदाजच बदललेला असतो आणि २० दिवसांची सरासरी जुन्या अंदाजाची असते. अशा वेळी गॅपच्या दिवसापासून नव्याने मोजायला सुरुवात करतो, आणि सरासरीत निकालानंतरचेच दिवस उरेपर्यंत, म्हणजे साधारण वीस सत्रं, या शेअरवर थकव्याचा निष्कर्ष काढत नाही.